दावा नाकारला? आधी फाइल मागा

आयुर्विम्याचा मृत्युदावा नाकारणारं पत्र सहसा दीड पानाचं असतं. वर पॉलिसी क्रमांक, मग सहानुभूतीचं एक वाक्य आणि त्याखाली मुद्दा: ‘आमच्या तपासात असे आढळून आले आहे की, विमाधारकास पॉलिसी घेण्यापूर्वीपासून उच्च रक्तदाबाचा विकार होता व त्यांनी तो प्रस्ताव अर्जात लपवला. सबब आपला दावा अमान्य करण्यात येत आहे.’ तपास कुणी केला, कुठल्या दवाखान्यात केला, कोणता कागद सापडला, यातलं काहीच त्या पत्रात नसतं. ज्या अहवालाच्या जोरावर पंधरा-वीस लाखांचा दावा बुडतो, तो अहवाल त्या घरातल्या कुणीही पाहिलेला नसतो.

असं पत्र आलं की बहुतेक घरांतून उलटटपाली विनवणीचं पत्र जातं. ‘माझे पती धडधाकट होते, त्यांना काही नव्हतं, फेरविचार करावा.’ काही जण मधली सगळी हकीकत लिहून काढतात. माझं म्हणणं असं की, हे पत्र पहिलं नसावं. पहिलं पत्र फक्त कागद मागणारं असावं: दाव्याची संपूर्ण फाइल आणि इन्व्हेस्टिगेटरचा अहवाल, सर्व जोडपत्रांसह. आरोप कशावर उभा आहे हे कळल्याशिवाय दिलेलं उत्तर अंधारात दिलेलं असतं, आणि त्यातलं एखादं भाबडं वाक्य पुढे आपल्याच विरोधात वापरलं जातं.

ही मागणी कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. विमा कायदा, 1938 मधलं कलम 45 हे तिचं मूळ आहे. 2015 च्या दुरुस्ती कायद्याने हे कलम नव्याने लिहिलं गेलं. पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख किंवा रायडर जोडल्याची तारीख, यांतली जी सर्वांत उशिराची असेल तिच्यापासून तीन वर्षं उलटली की आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही, असं ते सांगतं. तीन वर्षांच्या आत मात्र कंपनीला फसवणुकीच्या किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून पॉलिसी नाकारता येते. तिथेच कायद्याने अट घातली आहे की, कंपनीने विमाधारकाला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना किंवा नॉमिनीला, निर्णयाची कारणं आणि तो ज्या सामग्रीवर आधारलेला आहे ती सामग्री, दोन्ही लेखी कळवली पाहिजेत. दीड पानाच्या पत्रात कारण असतं, सामग्री नसते. आपलं पत्र तो राहिलेला अर्धा भाग मागतं.

याच कलमात आणखी एक भेद आहे. तो ध्यानात न घेतल्यामुळे लोकांचं मोठं नुकसान होतं. ‘फसवणूक’ आणि ‘महत्त्वाची माहिती दडवणं किंवा चुकीची देणं’ ही कायद्याच्या नजरेत दोन वेगळी कारणं आहेत. कंपनीने फसवणुकीचा आरोप केला आणि विमाधारक हयात नसेल, तर तो आरोप खोटा ठरवण्याची जबाबदारी लाभार्थ्यावर येते. नुसती माहिती दडवल्याचं कारण असेल, तर दडवलेल्या माहितीचा जोखमीशी थेट संबंध होता आणि ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने दाखवायचं असतं. शिवाय या दुसऱ्या प्रकारात, दावा नाकारला तरी भरलेले हप्ते नाकारल्याच्या तारखेपासून 90 दिवसांत परत द्यावे लागतात. अनेक पत्रांत मोघमपणे ‘लपवले’ असा शब्द वापरून दोन्ही कारणं एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून आपल्या पत्रातला पहिला प्रश्न हाच असावा, की तुमचा निर्णय नेमका कशावर आहे, फसवणुकीवर की माहिती दडवण्यावर?

आता एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीसारखी गोष्ट अशा फायलींमध्ये सापडते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात पिठाची गिरणी चालवणारा 41 वर्षांचा माणूस. त्याची पंधरा लाखांची पॉलिसी 12 जून 2023 रोजी सुरू झाली. 3 फेब्रुवारी 2025 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. पत्नी नॉमिनी. मृत्यू पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत झाल्यामुळे कंपनीने चौकशी लावली आणि 20 मे 2025 च्या पत्राने दावा नाकारला. कारण तेच, आधीपासूनचा रक्तदाब. पत्नीने 2 जूनला पुढील पत्र पाठवलं.

‘प्रति, तक्रार निवारण अधिकारी. प्रत: दावा विभाग.

विषय: पॉलिसी क्र. …, दावा क्र. … – दाव्याची फाइल व तपास अहवालाच्या प्रती मिळण्याबाबत.

महोदय,

मी वरील पॉलिसीची नॉमिनी असून दिवंगत विमाधारकाची पत्नी आहे. आपले दि. 20 मे 2025 चे दावा नाकारल्याचे पत्र मला मिळाले. विमा कायदा, 1938 च्या कलम 45 नुसार निर्णयाची कारणे व तो ज्या सामग्रीवर आधारित आहे ती सामग्री मला लेखी कळवणे आपणांवर बंधनकारक आहे. आपल्या पत्रासोबत अशी कोणतीही सामग्री मिळालेली नाही. तरी कृपया पुढील बाबी पुरवाव्यात.

1. निर्णय फसवणुकीच्या कारणावर आहे की माहिती दडवल्याच्या, याचा स्पष्ट खुलासा, कलम 45 च्या संबंधित पोटकलमासह.

2. प्रस्ताव अर्जाची सर्व पानांसह प्रत, त्यासोबतचे निवेदन, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, एजंटचा गोपनीय अहवाल आणि पॉलिसी देण्यापूर्वी पडताळणीचा फोन झाला असल्यास त्याचे ध्वनिमुद्रण.

3. तपास करणाऱ्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा अहवाल, सर्व जोडपत्रे, नोंदवलेले जबाब व छायाचित्रांसह. तसेच नेमणुकीची व अहवाल सादर केल्याची तारीख.

4. ज्या रुग्णालयीन नोंदींवर आपण विसंबला आहात त्यांच्या साक्षांकित प्रती, आणि त्या कोणाकडून व कशा मिळाल्या याची माहिती.

5. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत, आणि पॉलिसी देतेवेळी लागू असलेले जोखीम स्वीकारण्याचे निकष, ज्यांनुसार ही माहिती कळली असती तर पॉलिसी दिली नसती असे आपले म्हणणे आहे.

6. दावा नाकारण्याच्या निर्णयाची टिपणी.

यांपैकी एखादा कागद देता येत नसल्यास, त्या प्रत्येक कागदाबाबत न देण्याचे कारण स्वतंत्रपणे लिहावे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत वरील बाबी मिळाव्यात, ही विनंती. हे पत्र केवळ कागदपत्रांच्या मागणीचे असून दाव्याबाबतचे माझे सर्व हक्क राखून ठेवते. कागद मिळाल्यावर मी सविस्तर म्हणणे मांडेन.’

पत्रात काय नाही, तेही पाहा. नवऱ्याच्या प्रकृतीविषयी एक शब्दही नाही. ‘त्यांना थोडंफार बीपी होतं, पण गोळी चालू नव्हती’ असं वाक्य दुःखाच्या भरात सहज लिहिलं जातं, आणि कंपनीकडे दुसरा काहीच पुरावा नसेल तर तेच वाक्य पुरावा बनतं. एजंटवर आरोप नाही, कोर्टात खेचण्याची धमकी नाही. पंधरा दिवसांची मुदत कायद्याने ठरवलेली नाही, ती मागणाऱ्याने दिलेली वाजवी मुदत आहे. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि त्याच दिवशी ईमेलनेही पाठवावं. सोबत नाकारल्याच्या पत्राची आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. मूळ कागद कुणालाही देऊ नयेत.

उदाहरणातल्या बाईंना जूनच्या अखेरीस फाइल मिळाली, सगळी नव्हे, पण बरीचशी. ती कशी वाचायची, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पहिला कागद तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाह्यरुग्ण नोंदवहीच्या एका पानाची झेरॉक्स. तारीख 2021 ची. नाव आणि आडनाव जुळतं, पुढे ‘रक्तदाब’ असं लिहिलेलं. पण वयाच्या रकान्यात 58 आहे. गिरणीवाला त्या वर्षी 37-38 चा असणार. वडिलांचं नाव नाही, गाव नाही. ज्या पट्ट्यात एका आडनावाची निम्मी वस्ती असते तिथे एका नावाचे तीन-चार जण असणं नवलाचं नाही. पानावर दवाखान्याचा शिक्का नाही, कुणाची सही नाही. अशा नोंदीत नाव, वय, वडिलांचं नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक एवढं आधी बोट ठेवून तपासायचं. त्यातलं एक जरी जुळत नसेल, तरी ती नोंद आपल्याच माणसाची आहे हे कंपनीला सिद्ध करावं लागेल.

दुसरा कागद शेवटच्या दिवशी ज्या रुग्णालयात नेलं तिथला केस पेपर. त्यावर पूर्वेतिहासाच्या रकान्यात ‘रक्तदाब, सुमारे दोन वर्षं’ अशी ओळ आहे. हा कागद खरा आहे, वयही बरोबर आहे, म्हणून हा मुद्दा गंभीरपणे घ्यायचा. पण माणूस बेशुद्धावस्थेत आला होता. मग ही माहिती दिली कुणी? कागदावर खाली ‘पुतण्याने आणले’ अशी नोंद आहे. पुतण्या पुण्यात राहतो, सणाला आला होता. शिवाय फेब्रुवारी 2025 मधून ‘सुमारे दोन वर्षं’ वजा केली की फेब्रुवारी 2023 येतो. पॉलिसीचा अर्ज त्यानंतर तीन-चार महिन्यांनी झाला. आजार अर्जाच्या आधीचा की नंतरचा हे ‘सुमारे’ या एका शब्दावर लटकलेलं आहे. त्याआधीच्या उपचाराची एकही चिठ्ठी, औषधाचं एकही बिल, तपासणीचा एकही अहवाल फायलीत नाही. ज्या डॉक्टरने ती ओळ लिहिली त्याचा जबाबही नाही. ग्राहक आयोगांनी अनेक प्रकरणांत म्हटलं आहे की, केस पेपरवरची पूर्वेतिहासाची नोंद एकटी पुरेशी नसते. तिला उपचाराच्या कागदांचा किंवा लिहिणाऱ्या डॉक्टरच्या शपथपत्राचा आधार लागतो.

तिसरा कागद शेजाऱ्याचा जबाब. तो इंग्रजीत टाइप केलेला आहे आणि खाली मराठीत सही आहे. शेजारी सातवीपर्यंत शिकलेला. जबाब वाचून दाखवल्याची नोंद नाही. अशा वेळी त्या माणसाला शांतपणे भेटून त्याने खरोखर काय सांगितलं होतं हे विचारावं, आणि तो तयार असेल तर त्याचं म्हणणं मराठीत, तारखेसह लिहून घ्यावं. त्याच्यावर दबाव आणण्याचा मात्र विचारही करू नये. पुढे उलटतपासणीत ते बाहेर येतं आणि चांगली बाजू बिघडते.

चौथा कागद प्रस्ताव अर्ज, आणि हा नेहमी सर्वांत काळजीपूर्वक वाचायचा. अर्ज इंग्रजीत, एजंटच्या अक्षरात भरलेला. आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढे एकाच ओघात ‘नाही’च्या खुणा. सही मराठीत. अर्जदार फॉर्मच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत सही करतो तेव्हा, मजकूर त्याला समजावून सांगितल्याचं निवेदन भरून घ्यायचं असतं. इथे ती चौकट कोरी आहे. कलम 45 च्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की, विम्याचा करार जुळवून आणणारी व्यक्ती करार होण्यापुरती कंपनीचीच प्रतिनिधी मानली जाते. त्यामुळे अर्ज कुणी भरला आणि एजंटला काय माहीत होतं, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. अर्जावर सही केलेला माणूस त्यातल्या मजकुराला बांधील असतो, असंही न्यायालयं मानतात. म्हणून कोऱ्या चौकटीने प्रकरण संपत नाही, पण ‘जाणूनबुजून लपवलं’ हा आरोप तिच्यामुळे बराच सैल होतो.

आणि पाचवा कागद, जो फायलीत नाहीच. रक्तदाब कळला असता तर पॉलिसी दिली नसती, असं सांगणारं वैद्यकीय अधिकाऱ्याचं मत किंवा कंपनीचे निकष, यांपैकी काहीही आलेलं नाही. औषधाने आटोक्यात असलेल्या रक्तदाबाच्या अनेक माणसांना कंपन्या हप्ता थोडा वाढवून पॉलिसी देतात. कायदा मात्र विचारतो की, पॉलिसी ‘दिलीच नसती’ का? या प्रश्नाचं उत्तर कंपनीने द्यायचं आहे, आणि फायलीतली ही रिकामी जागा बाईंच्या पुढच्या अर्जातला सर्वांत भक्कम मुद्दा ठरू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये दिलेल्या एका निकालात हेच तत्त्व दिसतं. विमाधारकाने आधीच्या पॉलिसींची माहिती दडवली, असं म्हणत कंपनीने दावा नाकारला होता. पण पुराव्यादाखल त्या पॉलिसींचा नुसता तक्ता पुढे केला होता, त्याला आधार देणारे कागद नव्हते. माहिती दडवल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे आणि ती पार पडलेली नाही, असं म्हणत न्यायालयाने दावा मान्य केला. कंपनीला नाकारण्याच्या पत्राबाहेरची नवी कारणं मागाहून पुढे करता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या निकालांत सांगितलं आहे. म्हणूनच फाइल लवकर मागण्याला अर्थ आहे. कोणत्या कागदावर निर्णय झाला होता हे एकदा लेखी आलं, की नंतर नवा कागद ‘सापडला’ तर प्रश्न विचारता येतो.

फाइल प्रत्येक वेळी आपल्या बाजूनेच बोलेल असं नाही. कधी त्यात अर्जाच्या सहा महिने आधीच्या अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज कार्ड निघतो, नाव-वय-पत्ता सगळं जुळतं. घरात कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून विसरायला झालं होतं. अशा वेळी कुटुंबाला वर्षानुवर्षं भांडायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मृत्यूचं कारण वेगळं होतं, एवढ्यावर दरवेळी सुटका होत नाही. काही निकालांत तो युक्तिवाद मान्य झाला आहे, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 मधल्या एका निकालासारख्या काहींत माहिती दडवणं हेच निर्णायक ठरलं आहे. पण तेव्हाही कारण ‘फसवणूक’ नसेल तर हप्ते परत मिळण्याचा हक्क उरतो. ती रक्कम कंपनीने खात्यात जमा केली, तर ‘दाव्याचे हक्क राखून, निषेध नोंदवून स्वीकारली आहे’ असं लगेच लेखी कळवावं, आणि पूर्ण व अंतिम तडजोड असं लिहिलेल्या कोणत्याही पावतीवर सही करू नये.

कंपनी दोन गोष्टी बहुधा देणार नाही: वकिलाचा सल्ला आणि तिऱ्हाइतांची खाजगी माहिती. वकिलाचा सल्ला सोडून द्यावा. जबाबांबाबत मात्र ‘नाव-पत्ता झाकून प्रत द्या’ असं म्हणता येतं. ‘अहवाल हा आमचा अंतर्गत दस्तऐवज आहे’ असं सरसकट उत्तर आलं, तर ज्या कागदावर निर्णय आधारलेला आहे तो कलम 45 च्या अर्थाने सामग्रीच आहे, असं उलट लिहावं. पॉलिसी एलआयसीसारख्या सरकारी कंपनीची असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही सोबतच करावा. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं आणि न मिळाल्यास पहिलं अपील करता येतं. खाजगी कंपन्यांना हा कायदा थेट लागू होत नाही. कंपनीची वाट पाहत असताना, ज्या दवाखान्याचं नाव पुढे येतं तिथे स्वतः जावं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रं 72 तासांत द्यायची असतात. त्या नोंदवहीतला रुग्ण कुठल्या गावचा होता, एवढं दवाखान्याने लिहून दिलं तरी आपल्या उदाहरणातला पहिला कागद निकालात निघतो.

हे सारं आयुर्विम्याला लागू आहे. आरोग्य किंवा वाहन विम्यात कलम 45 चा आधार नसतो. तिथे मागणी सर्व्हेअरच्या अहवालाची किंवा दावा नाकारण्यामागच्या वैद्यकीय टिपणीची करायची आणि विमा नियामकाच्या पॉलिसीधारक-संरक्षण नियमांचा हवाला द्यायचा.

फाइल मागताना मुदतीचं घड्याळ थांबत नाही. कागदांची मागणी म्हणजे तक्रार नव्हे. फाइल हातात आली की, किंवा पंधरा दिवस गेले की, त्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दुसरं, मुद्देसूद पत्र द्यायचं. त्यावर एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई त्यांना देता येते. तिथे जाण्यासाठी एक वर्षाची मुदत असते. ती नाकारल्याच्या पहिल्या पत्रापासूनच मोजणं सुरक्षित. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. म्हणजे उदाहरणातल्या बाईंनी लोकपालाकडे 20 मे 2026 च्या आत आणि आयोगात जायचं ठरवलं तर 20 मे 2027 च्या आत पोचायला हवं. मधल्या काळात विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, bimabharosa.irdai.gov.in इथे, किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवून ठेवता येते.

आणि कंपनीने काहीच पाठवलं नाही, तर? तरीही ते पत्र वाया गेलेलं नसतं. पत्राची प्रत, पोचपावती आणि ईमेलचा छापील कागद तक्रारीला जोडायचा आणि दोन मागण्या करायच्या. पहिली, कंपनीला हे कागद हजर करायला सांगावं, कारण कागद हजर करवून घेण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 ने आयोगाला दिला आहे. दुसरी, तरीही ते हजर झाले नाहीत तर ते कंपनीच्या विरोधात जाणारे होते असं अनुमान काढावं. जवळ असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, तो पुरावा त्याच्याच विरोधात असावा, असं मानण्याची मुभा पुराव्याचा कायदा न्यायालयाला देतो. हे अनुमान मागण्यासाठी एकच गोष्ट दाखवावी लागते, की आपण तो कागद वेळेवर, नेमका नाव घेऊन आणि लेखी मागितला होता.